जन्मतारखेवरून वार : सवायकीची रीत आणि एक जूनची नोंद

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या कुटुंबांत एकाच जन्माविषयी दोन वेगळी साधने हाती लागतात, आणि ती एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. पहिले साधन म्हणजे कागदावरची तारीख. ती शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीतून किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यातून आलेली असते. दुसरे साधन म्हणजे आईच्या, आजीच्या किंवा सुईणीच्या तोंडून पुढे आलेला वार : बाजारच्या दिवशी झाला, देवीच्या वारी झाली, पहिल्या श्रावण सोमवारी पहाटे झाला. तारीख लिहिणाऱ्याला वार ठाऊक नसे आणि वार सांगणारीला तारखेशी कर्तव्य नसे. या दोहोंना समोरासमोर आणण्याची सोय म्हणजे तारखेवरून वार काढण्याची तोंडी रीत. कॅलेंडर, पंचांग किंवा मोबाइल जवळ नसतानाही ती अर्ध्या मिनिटात करता येते, आणि वडीलधाऱ्यांशी बोलणे चालू असतानाच तिचा उपयोग होत असल्यामुळे ती मनात असणेच सोयीचे ठरते.

या पडताळणीची गरज का पडते, हे ‘एक जून’ या तारखेवरून कळते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, आणि मराठवाड्यात विशेषकरून, साठ-सत्तरीच्या पुढच्या असंख्य लोकांची नोंदलेली जन्मतारीख एक जून आहे. शाळा जूनमध्ये उघडत असे, जन्माची नोंद घरी नसे, आणि मूल शाळेत घालायला आणणाऱ्या पालकाकडून वयाचा अंदाज घेऊन गुरुजी मुलाला प्रवेशापुरते वय पूर्ण होईल अशी तारीख लिहीत. त्या तारखेत साल बहुधा अंदाजाचे आणि दिवस व महिना निव्वळ सोयीचा असे. अशा तारखेचा वार काढून तो घरात सांगितल्या जाणाऱ्या वाराशी जुळवला, तर नोंद खरी की सोयीची याचा पहिला अंदाज येतो.

रीतीचा पाया साधा आहे. आठवडा सात दिवसांचा, म्हणून वार काढताना फक्त सातने भागून उरणारी बाकी महत्त्वाची असते; पूर्ण सात दिवस कितीही गेले तरी वार बदलत नाही. सामान्य वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. दर चार वर्षांनी येणाऱ्या लीप वर्षात, म्हणजे ज्या वर्षी फेब्रुवारीला एकोणतीस दिवस असतात त्या वर्षी, ही सरक आणखी एका दिवसाने वाढते. म्हणून एखाद्या वर्षापर्यंत एकूण किती वार सरकले हे काढायचे, तर वर्षांची संख्या घ्यायची आणि तिच्यात त्याच संख्येचा चौथा हिस्सा मिळवायचा. संख्या अधिक तिचा पाव म्हणजे सवापट. आणि सवापटीचे पाढे मराठी शाळांत ‘सवायकी’ या नावाने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी यांच्या जोडीने पाठ करून घेतले जात. ज्यांना सवायकी अजून येते, त्यांच्यासाठी या रीतीतील सर्वांत मोठी पायरी आधीच पाठ झालेली आहे. सालाचे शेवटचे दोन आकडे घ्यावेत, त्यांची सवापट करावी आणि अपूर्णांक उरला तर तो सोडून द्यावा. १९४८ चे अठ्ठेचाळीस, त्यांची सवापट साठ. १९९३ चे त्र्याण्णव, त्यांची सवापट एकशे सोळा आणि पाव. त्यातील पाव सोडायचा. सवायकी न येणाऱ्याने संख्येचे निम्मे करावे, त्याचे पुन्हा निम्मे करावे, दोन्ही वेळा उरलेला अर्धा टाकावा आणि आलेला आकडा मूळ संख्येत मिळवावा : त्र्याण्णवचे निम्मे सेहेचाळीस, त्याचे निम्मे तेवीस, आणि त्र्याण्णव व तेवीस मिळून एकशे सोळा. अपूर्णांक सोडण्यामागे कारण आहे; चौथे वर्ष लागल्याशिवाय वाढीव दिवस येत नाही, म्हणून पाव, अर्धा आणि पाऊण हे अजून न आलेले दिवस होत.

दुसरी पायरी महिन्याची. प्रत्येक महिन्याला एक अंक दिलेला असतो, आणि बारा महिन्यांचे बारा अंक तीन-तीनच्या चार गटांत वाचले की लक्षात राहतात : १४४, ०२५, ०३६, १४६. पहिला गट बाराचा वर्ग, दुसरा पाचाचा वर्ग, तिसरा सहाचा वर्ग, आणि चौथा पुन्हा बाराचा वर्ग दोनाने वाढवलेला. म्हणजे जानेवारीला एक, फेब्रुवारी व मार्चला प्रत्येकी चार. एप्रिलला शून्य, मेला दोन, जूनला पाच. जुलैला शून्य, ऑगस्टला तीन, सप्टेंबरला सहा. ऑक्टोबरला एक, नोव्हेंबरला चार आणि डिसेंबरला सहा. हे अंक मनाने ठरवलेले नाहीत. जानेवारीचे एकतीस दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस, म्हणून फेब्रुवारीचा अंक जानेवारीच्या एकापेक्षा तीनने मोठा, म्हणजे चार. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, नेमके चार आठवडे, म्हणून मार्चचा अंकही चारच. मार्च पुन्हा एकतीसचा, म्हणून चारात तीन मिळवून सात, आणि सात म्हणजे शून्य. तो एप्रिलचा अंक. एखाद्या महिन्याचा अंक विसरला तर मागच्या महिन्याचे दिवस मोजून तो असा पुन्हा उभा करता येतो, म्हणून या अंकांमागील कारण समजून घेणे पाठांतराइतकेच उपयोगाचे आहे.

अंक बरोबर पाठ झाले की नाही, हे पाहण्याची आणखी एक चाचणी आहे. चार एप्रिल, सहा जून, आठ ऑगस्ट, दहा ऑक्टोबर आणि बारा डिसेंबर या पाच तारखा कोणत्याही एका वर्षी एकाच वारी येतात. इंग्लंडचे गणिती जॉन कॉनवे यांच्या प्रसिद्ध रीतीचा आधार याच तारखा आहेत. महिन्याचा अंक आणि तारीख यांची बेरीज केली तर एप्रिलची चार येते, जूनची पाच अधिक सहा म्हणजे अकरा, ऑगस्टची तीन अधिक आठ म्हणजे पुन्हा अकरा, ऑक्टोबरची अकरा आणि डिसेंबरची अठरा. यांतील प्रत्येकातून सात-सात काढले की चार उरतात. एखाद्या महिन्याला चार उरले नाहीत तर त्या महिन्याचा अंक पाठांतरात चुकला आहे.

तिसऱ्या पायरीत तारीख आहे तशी घ्यायची, आणि चौथ्या पायरीत वर्षाची सवापट, महिन्याचा अंक व तारीख यांची बेरीज करून ती सातने भागायची. बाकी एक उरली तर रविवार, दोन उरली तर सोमवार, आणि त्याच क्रमाने सहाला शुक्रवार. बाकी शून्य उरली तर शनिवार. १९०० ते १९९९ या शतकासाठी, जानेवारी-फेब्रुवारीची एक खबरदारी सोडली, तर एवढेच पुरते.

मराठवाड्याला पाठ असलेली तारीख घेऊन ही रीत एकदा पूर्ण करून पाहावी. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले ती तारीख १७ सप्टेंबर १९४८. अठ्ठेचाळीसची सवापट साठ, सप्टेंबरचा अंक सहा, तारीख सतरा, बेरीज त्र्याऐंशी. अकरा साते सत्याहत्तर वजा केले तर सहा उरतात, म्हणून तो दिवस शुक्रवार होता. मनात मोठी बेरीज नको असेल तर प्रत्येक आकड्यातून आधीच सात काढावेत : साठातून छप्पन्न गेले, चार उरले, सहा तसेच, सतरातून चौदा गेले, तीन उरले, चार, सहा आणि तीन मिळून तेरा, आणि तेरातून सात गेले की सहा. सराव झाल्यावर ही दुसरी वाटच सोपी पडते, कारण हाताशी कधी वीसच्या वरची बेरीज येत नाही. धाराशिव जिल्ह्यातीलच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. तीनची सवापट पावणेचार, त्यातले तीन घेतले, ऑक्टोबरचा एक, तारखेचे तीन. बेरीज सात, बाकी शून्य, वार शनिवार.

जानेवारी-फेब्रुवारीची खबरदारी अशी. लीप वर्षाचा वाढीव दिवस फेब्रुवारीच्या शेवटी येतो, पण सवापट घेताना तो वर्षाच्या सुरुवातीलाच मोजला गेलेला असतो. म्हणून चारने निःशेष भाग जाणाऱ्या सालातील जानेवारी किंवा फेब्रुवारीची तारीख असेल तर बेरजेतून एक कमी करावा. २६ जानेवारी १९५६ घ्यावी : छप्पन्नची सवापट सत्तर, जानेवारीचा एक, तारीख सव्वीस, बेरीज सत्त्याण्णव; एक कमी करून शहाण्णव, तेरा साते एक्क्याण्णव, बाकी पाच, म्हणजे गुरुवार. एक कमी करायचे राहिले तर शुक्रवार येतो. शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते, आणि ती ओळखण्याची खूण अशी की इतर महिन्यांचे वार बरोबर येतात आणि लीप सालातील पहिल्या दोन महिन्यांचे नेमके एक वार पुढे येतात. १९०० हे साल मात्र चारने भाग जात असूनही लीप वर्ष नव्हते, म्हणून त्या साली हा एक वजा करू नये. २००० हे लीप वर्ष होते.

शतक बदलले की आणखी एक दुरुस्ती करावी लागते. २००० पासूनच्या जन्मांसाठी बेरजेतून एक वजा करावा. त्याचे कारण सवायकीतच आहे : १९०० पासून मोजले तर २००० म्हणजे शंभर वर्षे, शंभराची सवापट एकशे पंचवीस, आणि एकशे पंचवीस म्हणजे एकशे सव्वीसला, म्हणजे अठरा सातांना, एक कमी. उदाहरणार्थ १ जून २००५ : पाचाची सवापट सव्वासहा, त्यातले सहा, जूनचे पाच, तारखेचा एक, बेरीज बारा, एक वजा करून अकरा, बाकी चार, बुधवार. याउलट १८०० ते १८९९ या शतकासाठी बेरजेत दोन मिळवावेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १४ एप्रिल १८९१ ही जन्मतारीख याप्रमाणे पाहिली, तर एक्क्याण्णवच्या सवापटीतून पाऊण सोडून एकशे तेरा, एप्रिलचा शून्य, तारीख चौदा, आणि शतकाचे दोन मिळून एकशे एकोणतीस. एकशे सव्वीस वजा जाता तीन उरतात, म्हणजे मंगळवार.

आता हीच रीत एका नोंदीवर लावून पाहता येईल. समजा, नळदुर्ग परिसरातील एका व्यक्तीच्या दाखल्यावर १ जून १९४८ ही जन्मतारीख आहे, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की हे मूल पोलीस ॲक्शनच्या गडबडीत, बुधवारी, घर सोडून शेतात आसरा घेतलेला असताना झाले. प्रथम दाखल्याची तारीख तपासावी : साठ, पाच आणि एक मिळून सहासष्ट, नऊ साते त्रेसष्ट, बाकी तीन, मंगळवार. वार जुळत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जूनमध्ये पोलीस ॲक्शन झालेलीच नव्हती. सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडे सरकले ते १३ सप्टेंबर १९४८ रोजी, आणि शरणागती झाली १७ सप्टेंबरला. तेरा तारखेचा वार काढला तर साठ, सहा आणि तेरा मिळून एकोणऐंशी, बाकी दोन, सोमवार. सतरा तारखेचा शुक्रवार वर आलाच आहे. सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत बुधवार एकच येतो, तो १५ सप्टेंबरचा. अशा रीतीने घरच्या आठवणीतून केवळ वाराच्या आधारे एक नेमकी तारीख हाती येते, आणि दाखल्यातील तारीख साडेतीन महिन्यांनी मागे ओढलेली दिसते. इथे वाराने एकट्याने काम केलेले नाही. ‘गडबडीत’ या शब्दाने काळ पाच दिवसांवर आणून ठेवला, म्हणून वार निर्णायक ठरला. घरचे लोक ‘गडबडीत’ म्हणताना त्यानंतरचे अस्वस्थ आठवडेही धरत असतील, तर २२ आणि २९ सप्टेंबर हे बुधवारही विचारात घ्यावे लागतात, आणि म्हणून सैन्य आले त्याच वेळी की नंतर, हे विचारून घेणे गणितापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

पुष्कळदा हिशोब बरोबर असूनही गणिताचा वार आणि घरचा वार नेमका एका दिवसाने चुकतो, आणि अशा वेळी चूक कोणाचीच नसते. सरकारी तारीख मध्यरात्री बदलते, पण पंचांगाचा आणि गावच्या बोलण्याचा वार सूर्योदयाला बदलतो. मध्यरात्रीनंतर आणि उजाडण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाची तारीख दुसऱ्या दिवसाची लागते आणि घर मात्र आदल्या दिवसाचा वार सांगते. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण १९९३ च्या भूकंपाचे आहे. किल्लारीपासून सास्तूरपर्यंतचा मुलूख हादरला तो ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास. एकशे सोळा, सहा आणि तीस मिळून एकशे बावन्न, बाकी पाच, म्हणून ती तारीख गुरुवारची. परंतु त्या रात्री तीन वाजता लोहारा परिसरात जन्मलेल्या मुलाबद्दल आजी ‘बुधवारच्या रात्री’ असे म्हणाली, तर पंचांगाच्या हिशोबाने ती पूर्णपणे बरोबर आहे, कारण अजून उजाडलेले नव्हते. म्हणून काढलेला वार सांगितलेल्या वारापेक्षा एकाने पुढे असेल तर लगेच नोंद खोटी ठरवू नये. आधी जन्माची वेळ विचारावी.

जिल्ह्यातील मुस्लीम कुटुंबांत हाच फरक उलट्या बाजूने येऊ शकतो. इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे गुरुवारी मगरिबनंतर झालेला जन्म जुम्याच्या रात्रीचा म्हणून सांगितला जातो. तारीख गुरुवारचीच राहते आणि काढलेला वार सांगितलेल्या वारापेक्षा एकाने मागे येतो. पुढे येणारा फरक पहाटेच्या जन्माकडे बोट दाखवतो आणि मागे येणारा संध्याकाळच्या जन्माकडे, आणि विचारल्यावर वेळ तशीच निघाली तर फरकच पुरावा होतो, कारण बनावट तारखेत असा नेमका फरक क्वचितच जमेल. दोन किंवा अधिक वारांचा फरक मात्र या कारणांनी समजावता येत नाही.

वाराची आठवण कितपत भरवशाची आहे, हेही तोलावे लागते. तुळजापूरच्या प्रदेशात मंगळवार हा देवीचा वार, आणि देवीच्या वारी झालेली मुलगी ही घराला प्रिय वाटणारी गोष्ट असल्यामुळे सोमवार रात्रीचा किंवा बुधवार पहाटेचा जन्म कालांतराने मंगळवारकडे सरकण्याचा संभव असतो. शुक्रवारबाबतही तेच म्हणता येईल. याउलट ज्या वाराला कोणतेही पुण्य चिकटलेले नाही, तो लक्षात राहिला असेल तर त्यामागे बहुधा एखादा प्रत्यक्ष प्रसंग असतो. बाजारच्या दिवसाची आठवण या दृष्टीने सर्वांत उपयोगी आहे, कारण त्या दिवशी घरातील पुरुष बाजाराला गेलेले असत आणि सुईणीला बोलवायला कोण धावले हे सांगितले जाते. मात्र आठवडी बाजाराचा वार मधल्या काळात बदलला असू शकतो, म्हणून आजचा बाजाराचा वार धरून चालू नये; त्या काळी बाजार कोणत्या वारी भरत होता हे गावातल्या दुसऱ्या वृद्धाकडून स्वतंत्रपणे खात्री करून घ्यावे.

तारीख आणि महिना पक्का असून साल अनिश्चित असेल, तर रीत उलट दिशेने चालवता येते, आणि मराठवाड्यातील वय ठरवण्यासाठी हा उपयोग कदाचित सरळ वार काढण्यापेक्षाही मोठा आहे. समजा, एखाद्याबद्दल एवढेच माहीत आहे की शाळेत झेंडावंदन चालू असताना, पंधरा ऑगस्टला, शुक्रवारी त्याचा जन्म झाला. ऑगस्टचे तीन आणि तारखेचे पंधरा मिळून अठरा, त्यांची बाकी चार. शुक्रवारसाठी एकूण बाकी सहा हवी, म्हणजे वर्षाच्या सवापटीची बाकी दोन असायला हवी. बावन्नची सवापट पासष्ट, बाकी दोन. अठ्ठावन्नची बहात्तर, बाकी दोन. एकोणसत्तरच्या सवापटीतले शहाऐंशी, बाकी दोन. पंचाहत्तरच्या सवापटीतले त्र्याण्णव, बाकी दोन. म्हणून १९५२, १९५८, १९६९ आणि १९७५ एवढीच साले पंचाहत्तरपर्यंतच्या काळात शक्य राहतात. (१९४७ चा पंधरा ऑगस्टही शुक्रवारच होता, पण संस्थानात त्या दिवशी सरकारी झेंडावंदन होण्याचा प्रश्नच नव्हता.) उमेदवार साले एकमेकांपासून सहा किंवा अकरा वर्षांनी दूर आहेत, आणि माणसाचे वय आठवणीत दोन-तीन वर्षांनी चुकले तरी सहा वर्षांनी सहसा चुकत नाही; थोरली बहीण लग्नाची झाली होती की पाळण्यात होती, एवढ्या प्रश्नानेही त्यांतील एक साल निवडता येते. सतरा सप्टेंबर, एक मे, सव्वीस जानेवारी अशा ज्या दिवसांशी जन्म बांधला गेला असेल, त्या सर्वांसाठी ही उलट रीत चालते. दिवाळी, नवरात्र, मोहरम यांना मात्र ती थेट चालत नाही, कारण त्या सणांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात. तिथे आधी त्या सालच्या पंचांगातून तारीख काढावी लागते.

निजामी काळातील कागदांबाबत एक वेगळी अडचण येते. उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना शासकीय कामकाजात फसली साल चाले. त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यापासून सुरू होई, आणि फसली सालात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सालात सुरू झाले ते साल मिळते. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे पसरलेले वर्ष आहे. वार काढण्याची वरील रीत केवळ इसवी, म्हणजे आज वापरात असलेल्या इंग्रजी तारखेला लागू पडते. फसली नोंद पुढे दाखल्यात उतरवताना कोणी सरसकट ५९० मिळवले असतील, तर जानेवारी ते सप्टेंबरमधील जन्माचे साल एकाने मागे पडलेले असते. अशी शंका असेल तेव्हा दाखल्यातील साल आणि त्यापुढचे साल अशा दोन्हींचे वार काढावेत. दुसरा वार सामान्यतः पहिल्यापेक्षा एकाने आणि मध्ये एकोणतीस फेब्रुवारी येत असेल तर दोनाने पुढे असतो, आणि घरचा वार या दुसऱ्याशी जुळला तर चुकीचे मूळ सापडण्याची शक्यता वाढते.

जुळलेल्या वाराला किती वजन द्यायचे, याचा हिशोबही सातानेच होतो. पूर्णपणे मनाने लिहिलेली तारीखसुद्धा सातातून एकदा योगायोगाने घरच्या वाराशी जुळते, म्हणून एका व्यक्तीची जुळणी पुरावा म्हणून दुबळी आहे. एकाच घरातील तीन भावंडांचे वार त्यांच्या नोंदींशी जुळले, तर तो योगायोग असण्याची शक्यता तीनशे त्रेचाळीसात एक उरते, आणि मग त्या घरात कोणीतरी तारखा खरोखर लिहून ठेवल्या होत्या असे मानायला आधार मिळतो. म्हणून एकट्याचा वार काढून थांबण्यापेक्षा सर्व भावंडांचे वार काढणे शहाणपणाचे. न जुळणे हे मात्र, वर सांगितलेली रात्रीची आणि संध्याकाळची सूट दिल्यानंतर, एकट्यानेही बरेच काही सांगते. अर्थात या तोंडी हिशोबाने दाखल्यावरची तारीख बदलत नाही. तिच्या दुरुस्तीसाठी सक्षम कार्यालयाला मूळ कागदपत्रच लागते, आणि रीतीचे काम तो कागद कोणत्या साला-महिन्याच्या नोंदवहीत शोधायचा हे ठरवण्यापुरते आहे.

विचारण्याचा क्रमही सांभाळावा लागतो. आधी तारखेचा वार काढून तो वृद्धेला ऐकवला, तर ती सौजन्याने किंवा गोंधळून ‘हो, तोच वार’ म्हणण्याचा संभव असतो आणि मग पडताळणीला काही अर्थ उरत नाही. म्हणून वार प्रथम तिच्याकडून ऐकावा, जन्माची वेळ दिवसा की रात्री हे विचारावे, बाजार, पाऊस, पेरणी, सण यांपैकी काय चालू होते ते लिहून घ्यावे, आणि सवापटीचा हिशोब त्यानंतरच करावा.